निपाह बुलेटिन, इंडोनेशियन आवृत्ती : प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

काम हाती आलं. एका प्रशिक्षण संस्थेला केरळमधल्या २०१८ च्या निपाह उद्रेकावरचं बुलेटिन बहासा इंडोनेशियात हवं आहे. वाचणार आहेत तिथल्या जिल्हा आरोग्य कार्यालयांतले आणि पुस्केस्मासमधले, म्हणजे त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधले, रोगसर्वेक्षण कर्मचारी. अनुवाद मी पुण्यातून करणार, सुराबायाच्या एक डॉक्टर बाई वैद्यकीय बाजू तपासणार आणि मकासारचे एक निवृत्त सर्वेक्षण अधिकारी वाचून बघणार. बाईंना मी ‘बू’ म्हणते, अधिकाऱ्यांना ‘पाक’. ते दोघं मला ‘म्बाक’ म्हणतात, म्हणजे आपली ताई.

बुलेटिन पंधरा पानी असलं तरी जीव अडकलाय तो दुसऱ्या पानावरच्या व्याख्यांत. तीन वर्ग आहेत. संशयित रुग्ण म्हणजे उद्रेक झालेल्या वस्तीतला, ताप असलेला माणूस, ज्याला तापासोबत नव्याने भ्रम किंवा झटके, किंवा डोकेदुखी, किंवा खोकला अथवा धाप आहे. संभाव्य रुग्ण म्हणजे असा संशयित, जो बाधित गावात राहत होता किंवा रुग्णालयात निश्चित रुग्णाच्या थेट संपर्कात आला होता, आणि निदानासाठीचे पूर्ण नमुने घेण्याआधीच दगावला. निश्चित रुग्ण म्हणजे श्वसनमार्गातला स्राव, लघवी किंवा पाठीच्या मणक्यातलं पाणी यांत पीसीआरने निपाहचा आरएनए सापडलेला, किंवा विषाणूच वेगळा काढता आलेला.

आधी कुणीतरी केलेला एक मसुदाही सोबत आला आहे. वाचायला गुळगुळीत आहे. पण त्यात संशयितला ‘कासुस दिदुगा’ आणि संभाव्यला ‘कासुस कमुंकिनान’ म्हटलं आहे. इथूनच सुरुवात करावी लागेल.

(इंडोनेशियन शब्द उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिते आहे, वहीची भाषा एकच राहावी म्हणून.)

५ मार्च

‘दिदुगा’ म्हणजे तसा कयास आहे, तसं मानलं जातं. ‘कमुंकिनान’ म्हणजे शक्यता. इंडोनेशियन माणसाच्या कानाला यातला पहिला शब्द दुसऱ्यापेक्षा भारी वाटतो. ज्याच्याबद्दल कयास केलाय तो बहुधा खरा, आणि ज्याची नुसती शक्यता आहे तो असेल किंवा नसेल. म्हणजे मसुद्यात पायऱ्याच उलट्या झाल्या आहेत आणि संशयित हा संभाव्यच्या वर जाऊन बसला आहे. (‘मुंकिन’ ऐकून आपल्याला ‘मुमकिन’ आठवतं, आणि दोन्ही एकाच अरबी शब्दातून आलेले असल्याने अर्थही जवळचा निघतो. त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द फार लवकर पटतो.)

शिवाय तिथली वर्तमानपत्रं ‘दिदुगा’ कशालाही लावतात. आग, अपघात, चोरी, विषबाधा, सगळं ‘दिदुगा’. व्याख्येतल्या शब्दाला असं मोकाट फिरणं परवडत नाही.

‘तरसांका’ हा जुना शब्द बाद केला, कारण तो पोलिसांच्या आरोपीचा आहे. ‘तरदुगा’ टीबीच्या कार्यक्रमात रुळलेला आहे. त्याला हात लावला तर टीबीच्या नोंदवहीशी गोंधळ होईल. राहिला ‘सुस्पेक’, आणि तोच घेतला. २०२० पासून तिथलं आरोग्य मंत्रालय हाच शब्द वापरतं.

मधल्या वर्गासाठी मंत्रालयाने तेव्हा इंग्रजी ‘प्रोबेबल’ तसाच ठेवला होता, तिरप्या अक्षरांत. स्थानिक वळणाचं ‘प्रोबाबेल’ही शब्दकोशात मिळतं. बू म्हणाल्या, कर्मचाऱ्यांनी फॉर्मवर जे अक्षरन्‌अक्षर पाहिलंय तेच ठेवा. ठेवलं. परका शब्द इथे कामाचा आहे, कारण रोजच्या बोलण्यातला दुसरा कुठलाही अर्थ त्याला चिकटलेला नाही.

७ मार्च

पण शब्द ओळखीचा असला की त्याच्या जुन्या आठवणीही सोबत येतात.

१३ जुलै २०२० च्या कोविड मार्गदर्शिकेने इंडोनेशियातले आधीचे वर्ग मोडीत काढले. त्याआधी ‘देखरेखीखालची व्यक्ती’ आणि ‘निगराणीखालचा रुग्ण’ अशी वर्गवारी होती, ओडीपी आणि पीडीपी नावाची, आणि ती आजही लोकांच्या तोंडात आहे. त्यांच्या जागी सुस्पेक, प्रोबेबल आणि कोन्फिर्मासी आले. त्यात प्रोबेबलची व्याख्या अशी होती : तीव्र श्वसनविकार असलेला किंवा दगावलेला संशयित, ज्याची लक्षणं कोविडकडे ठामपणे बोट दाखवतात आणि ज्याचा आरटी-पीसीआर अहवाल अजून आलेला नाही.

म्हणजे महामारीत काम केलेल्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात प्रोबेबल म्हणजे ‘गंभीर रुग्ण, अहवालाची वाट’. निपाहच्या व्याख्येत यातलं काही नाही. तिथे तीव्रतेला वेगळं वजन नाही. वजन आहे गाव किंवा रुग्णालयातून जुळणाऱ्या दुव्याला, आणि नमुना आता मिळणारच नाही या गोष्टीला. शब्द तोच आणि अट वेगळी, म्हणून व्याख्येच्या वर एक ओळ घालायचं ठरलं : या बुलेटिनमधला प्रोबेबल कोविडच्या प्रोबेबलसारखा नाही. पाकना ही ओळ उद्धट वाटली. बूंना आवश्यक वाटली. ओळ राहिली, सूर जरा मऊ केला.

१० मार्च

आजचा सगळा दिवस एका क्रियाविशेषणात गेला, आणि तो जायलाच हवा होता.

मूळ वाक्याचा सारांश असा : पूर्ण नमुने घेता येण्याआधी मृत्यू. जुन्या मसुद्यात याचं झालं होतं ‘नमुना बलुम घेतलेला असताना मृत्यू’. ‘बलुम’ म्हणजे ‘अजून नाही’. इंडोनेशियनमध्ये क्रियापदाला काळ नसतो, त्यामुळे झालं, होतंय, व्हायचंय हा सगळा भार अशा छोट्या शब्दांवर पडतो. ‘बलुम’ दार उघडं ठेवतो. आज नाही, उद्या होईल. लग्न झालंय का विचारलं तर तिथे नुसतं ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘बलुम’ म्हणतात.

आता व्याख्येत ‘बलुम’ घातला तर काय होतं? वाचणारा समजतो की नमुना यायचा आहे. मग अहवालाची वाट पाहणारा प्रत्येक जण त्याला प्रोबेबल दिसायला लागतो, आणि जो खरा प्रोबेबल आहे, म्हणजे दफन झालेला आणि नमुना कायमचा गेलेला, त्याच्या नावापुढे महिनोन्‌महिने ‘प्रलंबित’ लिहिलेलं राहतं. संशयित आणि संभाव्य यांच्यातली भिंत नेमकी इथे आहे. संशयिताबाबत पुरावा यायचा असतो, या व्याख्येतल्या संभाव्यबाबत तो येण्याची वाट बंद झालेली असते.

‘तिदाक’, म्हणजे साधं ‘नाही’, वापरून पाहिलं. ‘नमुना तिदाक घेतलेला’. पण यात हलगर्जीचा वास येतो, घ्यायला हवा होता आणि घेतला नाही असा. बूंनी सुचवलं ‘तिदाक सम्पात’. सम्पात म्हणजे वेळ मिळणं, संधी साधणं. ‘तिदाक सम्पात’ म्हणजे तेवढी सवडच मिळाली नाही आणि आता वेळ निघून गेली. बरोबर हाच अर्थ हवा होता. दार बंद, दोष कुणाचाच नाही. शेवटी वाक्य असं बसलं : ‘पूर्ण नमुने सम्पात घेतले जाण्याआधी मृत्यू’.

त्याच वाक्यात ‘पूर्ण’ हा शब्द मसुद्यातून गळला होता. एखाद्याचं थोडं रक्त घेतलं गेलं, पण घशाचा स्राव, लघवी, मणक्यातलं पाणी काहीच मिळालं नाही आणि तो गेला, तर ‘नमुना घेतला होता’ म्हणून तो संभाव्यमधून बाहेर पडतो. ‘लंकाप’ म्हणजे पूर्ण, तो परत घातला.

१२ मार्च

भ्रमाचा प्रश्न. इंडोनेशियन डॉक्टरांच्या तोंडी सहज येतं ‘पनुरुनान कसादारान’, म्हणजे शुद्ध कमी होणं. मूळ शब्दप्रयोगाचा आवाका मोठा आहे. माणूस टक्क जागा आहे पण असंबद्ध बोलतोय, घरच्यांना ओळखत नाही, तोही त्यात येतो. निपाहच्या मेंदूज्वराची सुरुवात अशीही होऊ शकते. ‘परुबाहान स्तातुस मेन्ताल’, मानसिक स्थितीतला बदल, हे घेतलं आणि पुढे स्वल्पविराम देऊन ‘गोंधळलेपण किंवा शुद्ध कमी होणं’ असं उलगडलं. संशयिताचं जाळं इथे लहान केलं तर पुढच्या दोन वर्गांत कोण येणार, हेही बदलतं, कारण ते दोन्ही वर्ग संशयितातूनच निघतात.

‘दान’ (आणि) व ‘अताउ’ (किंवा) मोठ्या अक्षरांत, प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर. मंत्रालयाच्या कागदांतही तसंच असतं. मसुद्यात सगळं एका लांब वाक्यात होतं आणि ताप कुठपर्यंत लागू आहे हे कळत नव्हतं. खोकला एकटा पुरत नाही, तापासोबतच हवा. म्हणून ‘ताप’ प्रत्येक ओळीत पुन्हा लिहिला. वाचायला कंटाळवाणं आहे, असू दे.

१४ मार्च

निश्चितसाठी ‘कासुस कोन्फिर्मासी’ यावर वाद नव्हता. वाद आजूबाजूच्या क्रियापदांवर झाला.

बुलेटिनच्या चौथ्या पानावर मसुद्यात वाक्य आहे : जिल्हा कार्यालयाने तीन संशयित रुग्ण ‘मंगोन्फिर्मासी’ केले. म्हणजे कार्यालयाने दुजोरा दिला की हो, तीन संशयित आहेत. तिथल्या बातम्यांत हे क्रियापद पावलोपावली भेटतं, अधिकारी प्रत्येक गोष्ट ‘मंगोन्फिर्मासी’ करत असतात. पण ज्या कागदात कोन्फिर्मासीचा अर्थ फक्त आणि फक्त प्रयोगशाळेने सिद्ध केलेला असा आहे, तिथे हे वाक्य तीन संशयितांना एका झटक्यात निश्चित करून टाकतं. पुढे कुणीतरी ते वाक्य आखडतं घेईल आणि ‘जिल्ह्यात तीन कोन्फिर्मासी’ असा संदेश फिरेल.

नियम केला. कोन्फिर्मासी हे मूळ आणि त्याची सगळी रूपं प्रयोगशाळेसाठी राखीव. कार्यालयं ‘मंबनारकान’ (दुजोरा देतात) किंवा ‘मलापोरकान’ (कळवतात). पाक हसून म्हणाले, म्बाक, आमच्या कार्यालयातल्या साहेबांना हे आधी शिकवा.

प्रत्येक आवृत्तीवर ही चाळण लावायची :

```
grep -nEi '\b(mengonfirmasi|dikonfirmasi|diduga|kemungkinan|belum)\b' buletin_id.txt
```

सापडलेली प्रत्येक ओळ चुकीची असेलच असं नाही. ‘बलुम’ काही ठिकाणी रास्त आहे, उदाहरणार्थ ‘अहवाल अजून आलेला नाही’ असं संशयिताबद्दल म्हणताना. ओळ डोळ्यांखालून जावी एवढंच हवं.

१९ मार्च

आकडे. इथे व्याख्या कामाला लागलेली दिसते.

२०१८ च्या मे महिन्यात कोळिकोड भागात उद्रेक झाला. पहिला रुग्ण महिन्याच्या सुरुवातीलाच दगावला, त्याच्या नमुन्याची तपासणी होऊ शकली नाही. त्याच घरातला दुसरा माणूस आजारी पडला तेव्हा डॉक्टरांना शंका आली, मणिपालच्या प्रयोगशाळेत निपाह सापडला आणि आमच्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तो पक्का केला. अधिकृत मोजणीत शेवटी १९ रुग्ण आणि १७ मृत्यू : १८ प्रयोगशाळेत सिद्ध झालेले, आणि न तपासलेला पहिला. नंतर प्रसिद्ध झालेल्या संशोधन लेखात मात्र २३ रुग्ण आहेत, त्यातले २१ दगावले. सिद्ध झालेले तिथेही १८ च. वाचलेले दोघे, दोन्हीकडे तेच.

फरक सगळा मधल्या वर्गात आहे. एका मोजणीत न तपासलेला एकच मृत धरला, दुसरीत पाच. कुणीही खोटं बोलत नाहीये.

मसुद्यातलं वाक्य होतं : ‘१८ कासुस कोन्फिर्मासी, १७ मृत्यूंसह’. हे गणितातच चुकतं. १८ सिद्ध रुग्णांपैकी दोघे वाचले, म्हणजे सिद्ध रुग्णांतले मृत्यू १६. सतरावा मृत्यू पहिल्या रुग्णाचा, तो कोन्फिर्मासी नाहीच. मृत्यूचा आकडा एकोणीसमधून घेतला आणि अठराला चिकटवला. मृत्युदर काढला तर १८ वर १६ म्हणजे साधारण ८९ टक्के, २३ वर २१ म्हणजे ९१ टक्के. मसुद्याप्रमाणे १८ वर १७ केलं तर ९४ टक्के येतात, जो आकडा कुठल्याच मोजणीत नाही.

आता वाक्य तोडलं. आधी एकूण, मग ‘दि अंतारान्या’, म्हणजे ‘त्यांपैकी’, लावून प्रत्येक वर्ग, आणि मृत्यू प्रत्येक वर्गासमोर वेगळे. ‘तरमासुक’ (धरून, सह) हा शब्द आकड्यांच्या वाक्यांतून काढून टाकला. काय कशात धरलंय ते तो कधीच नीट सांगत नाही.

२१ मार्च

तक्त्याची मांडणी. मसुद्यात जागा वाचवायला एस, पी, के अशी अक्षरं वापरली आहेत. के म्हणजे कोन्फिर्मासी, की कोन्ताक (संपर्कातली व्यक्ती), की कमातियान (मृत्यू)? तिन्ही रकाने त्याच तक्त्यात आहेत. आणि पी तर इंडोनेशियातल्या प्रत्येक रुग्णयादीत लिंगाच्या रकान्यात बसलेला असतो : एल म्हणजे लाकी-लाकी, पुरुष, आणि पी म्हणजे परंपुआन, स्त्री. पाकनी सांगितलं की घाईत यादी भरणारा माणूस दोन पी शेजारी पाहून कुठलाही खोडेल. अक्षरं रद्द, पूर्ण शब्द. तक्ता आडव्या पानावर गेला.

संपर्कातल्या, लक्षणं नसलेल्या लोकांचा रकाना रुग्णांच्या तक्त्यातून उचलून खाली वेगळा केला. ‘कोन्ताक अरात’ हा रुग्ण नाही, संशयितसुद्धा नाही.

२८ मार्च

लबरान, म्हणजे तिथली ईद, तोंडावर आहे. बू आणि पाक दोघंही गावी निघाले. गणपतीला मुंबईची कोकणात जाणारी गर्दी पाहिलेल्याला ‘मुदिक’, म्हणजे सणाला गावी जाणं, समजवावं लागत नाही. माझ्याकडे परवा पाडवा. काम बंद.

८ एप्रिल

संस्थेने उलट-अनुवाद मागितला होता, म्हणजे तिसऱ्या माणसाने इंडोनेशियनवरून पुन्हा इंग्रजी करायचं. मी तो करायला हरकत घेतली नाही, पण त्यावर विसंबू नका असं कळवलं. पडताळा म्हणून जुना मसुदाही त्याच माणसाला दिला होता. त्याने ‘कासुस कमुंकिनान’चं नेमकं ‘प्रोबेबल केस’ केलं, आणि ‘बलुम’चंही घसरलेलं वाक्य नीट उभं करून दिलं. कसलेला अनुवादक मूळ काय असणार हे ओळखतो आणि नकळत दुरुस्त करतो. त्यामुळे बिघडलेला मजकूरही परत येताना निर्दोष दिसतो.

त्याऐवजी वर्गीकरणाची चाचणी घ्यायची. छोटे प्रसंग लिहायचे, कर्मचाऱ्यांना फक्त व्याख्यांचं पान द्यायचं, आणि कोण कुठल्या वर्गात ते विचारायचं.

११ एप्रिल

पाकनी त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना बसवलं. अर्ध्यांना जुना मसुदा, अर्ध्यांना नवं पान.

सगळ्यात बोलका प्रसंग हा : बाधित गावातली बाई, ताप आणि झटके, रुग्णालयात दगावली, मृत्यूआधी सगळे नमुने घेतले गेले, अहवाल यायचा आहे. उत्तर संशयित. दगावली असली तरी पुरावा वाटेवर आहे. जुनं पान वाचणाऱ्यांनी हिला जवळजवळ एकमुखाने प्रोबेबल ठरवलं. नव्या पानावर बहुतेकांनी बरोबर उत्तर दिलं, आणि जे चुकले त्यांनी कारण दिलं की ‘मृत्यू झालाय ना’. म्हणजे कोविडची आठवण अजून शिल्लक आहे.

दुसरा प्रसंग : निश्चित रुग्णाची शुश्रूषा केलेली परिचारिका, ताप आणि खोकला, जिवंत, स्वॅब पाठवलेला. दोन्ही गटांत काहींनी तिला प्रोबेबल म्हटलं. दुवा पक्का, लक्षणं आहेत, मग का नाही? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. एमपॉक्सच्या व्याख्येत लक्षणं आणि दुवा असला की जिवंत माणूसही प्रोबेबल होतो. निपाहच्या या व्याख्येत होत नाही. हा दोष अनुवादाचा नाही, त्यामुळे व्याख्येच्या शब्दांत मी काही बदललं नाही. प्रसंग मात्र उत्तरासकट बुलेटिनमध्ये उदाहरण म्हणून घातला.

तिसरा, सौम्य ताप आणि डोकेदुखी असलेला तरुण, घशाच्या स्रावाचा पीसीआर सकारात्मक. कोन्फिर्मासी. यावर कुणी अडखळलं नाही.

१५ एप्रिल

अंतिम प्रत पाठवली. शब्दसूची वेगळ्या फायलीत आहे, प्रत्येक शब्दापुढे ‘हा वापरू नका’चा रकानाही.

एक मुद्दा उघडा आहे. तपासणीत नकारात्मक आलेल्या संशयितासाठी मंत्रालयाचा कोविडकाळातला शब्द इंग्रजीच आहे, ‘डिस्कार्डेड’. पाकना तो ठेवायचा आहे. बूंना ‘बुकान कासुस’, रुग्ण नाही, हे हवं आहे, कारण नातेवाइकांना कागद दाखवला तर ते त्यांना समजेल. बुलेटिन कर्मचाऱ्यांसाठी आहे, म्हणून सध्या पाकचं ऐकलं आणि बूंचा शब्द पहिल्या उल्लेखाशेजारी स्वल्पविरामाने दिला. संस्थेचं उत्तर सोमवारपर्यंत येईल.